शिवीगाळ करणारी कमेंट: लपवायची, रिपोर्ट करायची की उत्तर द्यायचं?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल.

कमेंट काढून टाकली की दोन दिवसांत तीच भाषा दुसऱ्या नावाने परत येते. किंवा शिवी एकच असते, पण तिच्याखाली आपल्याच प्रेक्षकांची आणि त्या माणसाची जुंपलेली असते, आणि नवीन माणूस व्हिडिओ उघडतो तेव्हा त्याला सगळ्यात वर तेच भांडण दिसतं. किंवा रात्री चिडून दिलेलं तुमचं उत्तर सकाळी स्क्रीनशॉट होऊन गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतं. एक लक्षण उशिरा लक्षात येतं: "छान झालंय ताई", "कितीला आहे" असं लिहिणाऱ्या नेहमीच्या बायका हळूहळू लिहायच्या बंद होतात. आणि सगळ्यात महागात पडणारं लक्षण म्हणजे खरी तक्रार करणारं गिऱ्हाईकही रागाच्या भरात ब्लॉक झालेलं असतं आणि ते बाहेर आपल्याविषयी सांगत फिरत असतं.

मी काही लहान पेजेस आणि चॅनल्सच्या कमेंट सांभाळतो. कोल्हापूरकडच्या एका बचत गटाचं कांदा-लसूण मसाल्याचं पेज, एक शेळीपालनाचं यूट्यूब चॅनल, एका कीर्तनकार ताईंचं चॅनल, असं किरकोळ काम. तिन्हीकडे हाच त्रास पुन्हा पुन्हा येतो आणि दुरुस्तीचा क्रमही जवळपास तोच असतो. फुकट आणि सोपं आधी, वेळखाऊ नंतर, पोलीस आणि वकील शेवटी. फक्त काही कमेंटना ही रांग लागू नाही. त्या ओळखणं ही पहिली तपासणी.

धमकी आहे का? मग बाकीचं वाचू नका, शेवटाकडे जा

कमेंटमध्ये मारण्याची, घरी येण्याची, फोटो पसरवण्याची भाषा असेल, तुमचा पत्ता, फोन नंबर किंवा मुलांच्या शाळेचं नाव असेल, अश्लील फोटो किंवा कुणा लहान मुलाविषयी घाण मजकूर असेल, तर उत्तर द्यायचं की नाही हा प्रश्नच संपला. उत्तर द्यायचं नाही. पुरावा घ्यायचा, रिपोर्ट करायचं आणि थेट शेवटचा भाग वाचायचा.

ही तपासणी पहिली का, तर इथे चूक झाली की ती दुरुस्त होत नाही. माणूस घाबरला की त्याचा हात आधी डिलीटवर जातो. कमेंट गेली की तिच्यासोबत तिची लिंक जाते आणि पोलीस विचारतात तेव्हा आपल्याकडे सांगायला फक्त "असं असं लिहिलं होतं" एवढंच उरतं.

स्क्रीनशॉट, पण नीट

कमेंट साधी शिवी असली तरी हे आधी करा. पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट जातं. पण बहुतेक लोक फक्त शिवी कापून ठेवतात आणि त्याचा उपयोग होत नाही. तीन गोष्टी लागतात.

पहिली, वेळ. यूट्यूब कमेंटपाशी तारीख देत नाही, "2 दिवसांपूर्वी" असं सांगतं. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या फोनवरची आजची तारीख-वेळ दिसली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी ते "2 दिवसांपूर्वी" कधीचं हे कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर घेत असाल तर कोपऱ्यातल्या घड्याळासकट पूर्ण स्क्रीन घ्या.

दुसरी, त्या कमेंटची स्वतःची लिंक. यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून कमेंटच्या वेळेवर क्लिक केलं की वरचा पत्ता असा बदलतो:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&lc=COMMENT_ID
```

`lc=` च्या पुढचं जे आहे ते त्या एकाच कमेंटचं. फेसबुकवरही वेळेवर क्लिक केलं की पत्त्यात `comment_id=` दिसतं. ही पूर्ण ओळ कॉपी करून स्वतःलाच मेल करून ठेवा.

तिसरी, माणसाची ओळख. यूट्यूबवर दिसणारं नाव आणि @ लावलेलं हँडल दोन्ही बदलता येतं, आणि त्रास देणारे ते बदलतातच. पण UC ने सुरू होणारा चॅनल आयडी तोच राहतो. त्याच्या चॅनलवर जाऊन माहितीच्या भागात "Share channel" मध्ये "Copy channel ID" मिळतं. कीर्तनकार ताईंच्या चॅनलवर तीन वेगळ्या नावांनी येणारा माणूस एकच खातं वापरतोय हे यावरूनच कळलं, नाहीतर तीन माणसं मागे लागलीत असं वाटून त्या फारच धास्तावल्या होत्या.

शिव्या काढून उरलेलं वाचा

आता खरा निर्णय. कमेंटमधल्या शिव्या मनातल्या मनात खोडा आणि उरलेली ओळ मोठ्याने वाचा. काही उरतं का?

काहीच उरत नसेल तर लपवा. ज्याच्यात उत्तर देण्यासारखं काही नाही त्याला उत्तर देऊन तुम्ही फक्त त्याला वर ढकलता. कमेंट "Top" किंवा "Most relevant" अशा क्रमाने दिसत असतात, आणि जिच्याखाली उत्तरं आणि लाइक जास्त, ती वर येते. तुमच्या चांगल्या प्रेक्षकांनी तुमची बाजू घेऊन लिहिलेली वीस उत्तरंही त्या शिवीलाच वर नेतात. म्हणून असं दिसलं की लवकर हात घाला. मूळ कमेंट काढली की खालची सगळी उत्तरं तिच्याबरोबर जातात, आणि उशीर केला तर तुमची बाजू घेणारा माणूसही "माझी कमेंट का काढली" म्हणून रुसतो.

उरलेल्यात एखादा प्रश्न, दावा किंवा तक्रार असेल तर पुढे विचार करायचा. मसाल्याच्या पेजवरची एक कमेंट साधारण अशी होती (शिवी गाळली आहे): "चोर बायका आहात तुम्ही …, मसाल्यात रंग घालून लोकांना आजारी पाडताय." शिवी काढा, "चोर" काढा. उरतं काय? "मसाल्यात रंग घालता." हा दावा आहे. तो खोटा असला तरी मागणी द्यायला आलेली बाई तो वाचून परत फिरू शकते. कमेंट नुसती लपवली तर "खरं होतं म्हणूनच लपवलं" असं म्हणायला तो मोकळा. ही कमेंट उत्तराची आहे.

तिसरा प्रकार असतो तो फसवा. शिवी कुठेच नाही, भाषा गोड आहे, "ताई, तुमच्या समाजाकडून दुसरी अपेक्षा नव्हती." इथे खोडायला शब्द सापडत नाही, पण सगळं वाक्यच जातीवरून आहे. याला उत्तर देऊ नका. हे रिपोर्टचं काम आहे, त्याबद्दल पुढे.

एक मिनिट त्या माणसाकडे बघा

प्रोफाइल उघडा. फोटो नाही, मागच्या आठवड्यात काढलेलं खातं, बाकी कुठे काही लिहिलेलं नाही, तर बहुधा हे जुन्याच कुणाचं नवीन नाव आहे. अशाला उत्तर देणं वाया. उलट खातं जुनं आहे, लग्नाचे-शेताचे फोटो आहेत, तुमच्याच तालुक्यातला आहे, पूर्वी तुमच्याकडून माल घेतलेला आहे, तर तो चिडलेला गिऱ्हाईक असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे चिडलेला माणूस तक्रारीची सुरुवातच शिवीने करतो, हे मान्य करून चालावं लागतं. अशा माणसाला फोन केला की बऱ्याचदा कमेंट तो स्वतः काढतो. मात्र फोन नंबर त्यानेच ऑर्डरच्या वेळी दिलेला असेल तरच करा, इकडून तिकडून शोधून नको.

लपवणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

फेसबुक पेजवर "Hide comment" केलं तर ती कमेंट इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसत राहते. मोठ्या शहरातल्या ब्रँडला याने फरक पडत नाही. त्या माणसाला वाटतं आपली कमेंट आहे, तो गप्प बसतो, आणि बाकी जगाला ती दिसत नाही. पण गावातल्या पेजचं गणित उलटं. तुम्हाला शिवी देणाऱ्या गावातल्या माणसाचे मित्र कोण, तर तुमचेच शेजारी, तुमचेच भावबंद, तुमचेच गिऱ्हाईक. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं नेमकं त्यांनाच ती दिसत राहते. तुम्ही तुमच्या फोनवर बघून निश्चिंत होता आणि बाजारात लोक विचारतात, "काय हो, कुणी काय लिहिलंय तुमच्या पेजवर?" म्हणून माणूस ओळखीच्या टापूतला असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक घेऊन कमेंट सरळ डिलीट करा, गरज असेल तर त्याला पेजवरून बॅन करा. अनोळखी, दूरचा असेल तर लपवणं उत्तम.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "Remove" केलं की ती एक कमेंट जाते, माणूस तसाच राहतो आणि उद्या पुन्हा लिहितो. "Hide user from channel" केलं की त्या खात्याच्या कमेंट तुमच्या चॅनलवर दिसत नाहीत, आणि त्याला तशी सूचनाही जात नाही. कमेंट काढली की लगेच परत येते अशी तक्रार करणारे बहुतेक जण नुसतं "Remove" करत असतात.

इन्स्टाग्रामवर "Restrict" हा मधला मार्ग आहे. त्याच्या पुढच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात, तुम्ही मान्य केल्याशिवाय इतरांना नाही. नात्यातला माणूस, वर्गमित्र, भावकीतला कुणी असेल, म्हणजे ब्लॉक केल्याचं कळलं तर लग्नकार्यात तोंड दाखवायची पंचाईत होईल असा, त्याच्यासाठी हे आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून चाळणी

यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अडवायच्या शब्दांची यादी देता येते, फेसबुक पेजला आणि इन्स्टाग्रामलाही. त्या यादीतल्या शब्दाची कमेंट आपोआप अडकते. कंपन्यांच्या स्वतःच्या तयार चाळण्या इंग्रजी शिव्या बऱ्या पकडतात, मराठी फार कमी. कारण आपला माणूस शिवी देवनागरीत क्वचित लिहितो. तो रोमन अक्षरांत लिहितो, मध्ये टिंब टाकतो, एखादं अक्षर दोनदा लिहितो, स्वर गाळतो. म्हणून यादी तुम्हालाच करावी लागते. तुमच्याच जुन्या कमेंट काढून बसा आणि शिवी जशी लिहिली गेली तशीच्या तशी उतरवा, देवनागरी आणि रोमन दोन्हीत. तासाभराचं काम आहे, पण त्यानंतर रोजचा त्रास निम्म्यावर येतो.

अडचण एकच. जो शब्द तुमच्या विषयात साधा आहे तो यादीत टाकू नका. शेळीपालनाच्या चॅनलवर "बोकड" हा शब्द शिवी म्हणून येतो आणि भाव विचारायलाही येतो. तो अडवला तर "दादा, उस्मानाबादी बोकड कितीला?" असं विचारणारे सगळे अडकून पडतात आणि धंदाच बंद. तसंच "रेडा", "गाढव". अशा शब्दांसाठी हाताने बघण्याला पर्याय नाही. अडकलेल्या कमेंट यूट्यूबवर "Held for review" मध्ये 60 दिवसांपर्यंत राहतात. आठवड्यातून एकदा तिथे डोकावून चांगल्या कमेंट सोडवा, नाहीतर गिऱ्हाईक वाट बघून जातं.

रिपोर्ट: कारण बरोबर निवडा

रिपोर्ट करून काही होत नाही, असं लोक म्हणतात. पुष्कळदा खरंच होत नाही. पण त्यातला एक मोठा भाग चुकीचं कारण निवडल्यामुळे असतो. कमेंट जातीवरून आहे आणि रिपोर्ट केली "Spam" म्हणून, तर बघणारा ती स्पॅम आहे का एवढंच बघतो, आणि ती स्पॅम नसतेच. यूट्यूब आणि फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी, दोघांच्या द्वेषपूर्ण मजकुराच्या नियमांत जातीचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणून जात, धर्म, अपंगत्व, स्त्री असणं यावरून हल्ला असेल तर द्वेषाचा पर्याय निवडा, माणसावर वैयक्तिक चिखलफेक असेल तर छळाचा, लैंगिक असेल तर लैंगिक मजकुराचा. आडवळणाने दिलेल्या शिव्या, म्हणजे गावाकडे ज्याला टोमणा म्हणतात ते, बहुतेक वेळा सुटतात, कारण परक्या माणसाला किंवा यंत्राला त्यात वावगं दिसत नाही. तिथे रिपोर्टवर अवलंबून राहू नका, स्वतः काढा.

"सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारा" हा सल्ला फारसा कामाचा नाही. एक कमेंट नियमाबाहेर नसेल तर शंभर रिपोर्टनी ती बाहेर जात नाही. उलट मेटाच्या छळाविषयीच्या नियमांत काही गोष्टी अशा आहेत की ज्याच्याविषयी लिहिलंय त्यानेच स्वतः रिपोर्ट केल्यावर त्या धरल्या जातात. त्यामुळे ताईंविषयी घाण लिहिली असेल तर रिपोर्ट ताईंच्याच खात्यावरून जाऊ द्या.

क्रम लक्षात ठेवा: स्क्रीनशॉट आणि लिंक, मग रिपोर्ट, मग लपवणं किंवा काढणं. आधी काढून टाकली तर रिपोर्ट करायला ती उरत नाही.

कंपनीने रिपोर्ट फेटाळला तर पुढे एक पायरी आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे या कंपन्यांना भारतासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या साइटवर असतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं, घरबसल्या. एका शिवीसाठी एवढं करू नका. खोटं खातं, तुमचा फोटो वापरून चालवलेली बदनामी, अशा गोष्टींसाठी ते आहे.

उत्तर द्यायचं तर एकच ओळ

आता मसाल्याची ती कमेंट. गटातल्या ताईंनी आधी लिहिलेला मजकूर असा होता: "आम्ही पहाटे चारला उठून मसाला कुटतो, तुम्हाला काय माहीत बायकांचे कष्ट, आधी स्वतःची लायकी बघा…" आणि अशा आठ ओळी. भावना खरी होती. पण यात रंगाविषयी एकही शब्द नाही. वाचणाऱ्या तिसऱ्या बाईला जे हवं होतं तेच यात नाही, आणि "लायकी" या शब्दावर तो माणूस पुढचे चार दिवस खेळला असता.

लावलेलं उत्तर हे: "रंग ब्याडगी मिरचीचा आहे, वरून घातलेला नाही, पाकिटावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर आहे, शंका असेल तर पाकीट परत द्या, पैसे परत देऊ."

बघा यात काय आहे. दाव्याला थेट उत्तर पहिल्या चार शब्दांत. ब्याडगी तिखटाला कमी आणि रंगाला गडद असते, हे मसाला करणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं, त्यामुळे वाचणाऱ्या बाईला ते पटतं. नंतर तिला स्वतः तपासता येईल अशी एक गोष्ट, नंबर. शेवटी पैसे परत. त्या माणसाविषयी काहीच नाही. त्याचं नाव नाही, त्याच्या शिवीचा उल्लेख नाही, "असं बोलू नये" हा उपदेशही नाही. हे उत्तर त्याच्यासाठी लिहिलेलंच नाही, खाली येऊन वाचणाऱ्यांसाठी आहे. दुसरं म्हणजे या ओळीचा कुणी स्क्रीनशॉट काढून फिरवला तर ती गटाची जाहिरातच होते.

त्यावर तो पुन्हा आला, आणखी दोन शिव्या घेऊन, नवीन मुद्दा काही नव्हता. त्या दोन लपवल्या, पहिली कमेंट आणि उत्तर तसंच ठेवलं. उत्तर एकदाच. दुसऱ्यांदा नवीन दावा आला तरच दुसरी ओळ.

तक्रार खरी असेल तर ओळ आणखी लहान होते. "पार्सल फुटून आलं, फसवे आहात, …" यावर: "पार्सल फुटलं ही आमची चूक, आजच दुसरं पाठवतो, ऑर्डर नंबर मेसेज करा." शिवीकडे बघायचंच नाही. माहितीची चूक दाखवली असेल, शेळीच्या लसीची तारीख चुकली असं कुणी वाकड्या भाषेत सांगितलं असेल, तर "बरोबर आहे, व्हिडिओखाली दुरुस्ती टाकली आहे" एवढं पुरे, आणि ती खरोखर टाका.

उपरोधाची ओळ टाळा. पुण्यातली सवय असेल तर अवघड आहे, मान्य, पण "आपल्या संस्कारांबद्दल धन्यवाद" असलं काही लिहिलं की पुढचा अर्धा तास त्याचा. "कायदेशीर कारवाई करू" हेही करणार नसाल तर लिहू नका. दोनदा लिहून काहीच झालं नाही की तुमचा शब्द हलका होतो.

आणखी एका ठिकाणी एक ओळ फार मोलाची ठरते. एखादा माणूस एखाद्या बाईला पुन्हा पुन्हा कमेंट, मेसेज करतोय, "बोला ना", "नंबर द्या", मग रागावून घाण. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, जे पाठलागाविषयी आहे, बाईने स्पष्ट नकार दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं असं म्हटलंय. तो नकार लेखी असला की पुढे सांगायला सोपं जातं. म्हणून एकदाच, साध्या शब्दांत: "मला तुमच्याशी बोलायचं नाही, यापुढे संपर्क करू नका." त्याचा स्क्रीनशॉट. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, "सांगितलं ना नको" हेसुद्धा नाही. कीर्तनकार ताईंनी हेच केलं.

इथे थांबा आणि पोलिसांकडे जा

एका साध्या शिवीसाठी पोलीस स्टेशनला जाऊन हाती फार काही लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ, ज्यात नुसता त्रासदायक मजकूरही गुन्हा होता, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. तरीही "66अ लावू" असं सांगणारे भेटतात, त्यांच्यावर जाऊ नका.

पण खालच्या प्रसंगी स्वतः काही करायचं थांबवा. जिवाची किंवा इजेची धमकी (न्याय संहितेचं कलम 351, आणि नाव लपवून दिली तर त्यात शिक्षा आणखी). बाईला उद्देशून लैंगिक भाषा, किंवा नकारानंतरही चालू राहिलेला पाठलाग. अश्लील फोटो, खरा किंवा बनवलेला. तुमच्या नावाने खोटं खातं. जातिवाचक शिवीगाळ, जिथे अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. त्यात कोणती बाब बसते हे आपण ठरवू नये, वकिलाला विचारावं. आणि लहान मूल गुंतलेलं असेल तर एक मिनिटही न थांबता, मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवरही सांगता येतं.

तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. 1930 हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, लोक कमेंटच्या तक्रारीसाठी तिथे फोन लावत बसतात. माणूस दारात येण्याची भीती असेल तर 112. पोलीस स्टेशनला जाताना हद्दीचा बाऊ करू नका. झीरो एफआयआर कुठल्याही स्टेशनला नोंदवता येतो आणि तो नंतर योग्य ठिकाणी पाठवला जातो.

सोबत एक कागद न्या. वर तुमच्या चॅनलचं नाव, खाली तारखेच्या क्रमाने प्रत्येक कमेंटची लिंक, त्याचा चॅनल आयडी किंवा प्रोफाइलचा पत्ता, आणि तुम्ही नकार दिलेली ती एक ओळ कोणत्या तारखेची. स्क्रीनशॉट ज्या फोनवर काढले तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, कारण न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि ते त्या यंत्राशी जोडलेलं असतं. स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवरून पाठवण्याऐवजी मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या. तक्रारीची पोच घ्या. आणि तपास अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय त्या कमेंट डिलीट करू नका. फेसबुकवर लपवून ठेवता येतात. यूट्यूबवर काढल्या की लिंक उघडत नाही, म्हणून तिथे फार तर त्या व्हिडिओच्या कमेंट तात्पुरत्या बंद करा, आणि अधिकाऱ्याला दाखवायच्या वेळी पुन्हा चालू करा.